मोटिव्हेशन लेटर: सतार शिकणारी विद्यार्थिनी, संगीतशास्त्रात मास्टर्स. पत्रात नेमकं काय लिहावं?

षड्ज_पंचम
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. फिजिक्समध्ये बीएस्सी झालंय, सतार लहानपणापासून गुरुजींकडे शिकतेय, विशारद पूर्ण आहे. युरोपातल्या एका विद्यापीठात संगीतशास्त्राच्या मास्टर्सला अर्ज करायचाय. मोटिव्हेशन लेटर मागितलंय, जास्तीत जास्त ५०० शब्द. सूचना एवढीच आहे की "हा अभ्यासक्रम का, आणि कोणत्या विषयात काम करण्याचा विचार आहे, ते लिहा."

पत्र इंग्रजीत आहे. सुरुवातीचा भाग इथे मराठीत देते:

"वयाच्या सातव्या वर्षी सतार हातात घेतली आणि तेव्हापासून संगीत हाच माझा श्वास आहे. गुरू-शिष्य परंपरेत रोज पहाटे रियाज करताना मला जाणवलं की संगीताला सीमा नसतात. आपल्या विद्यापीठाच्या उज्ज्वल परंपरेत शिकायला मिळालं तर भारतीय संगीताचा हा वारसा जगापर्यंत पोहोचवण्याचं माझं स्वप्न पूर्ण होईल."

पुढे घराण्याची परंपरा, स्पर्धांमधली बक्षिसं, आणि मिरजेला सतार बनवतात त्या ठिकाणी जाऊन जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, बघितली त्याबद्दल थोडं. हे वाचून मला स्वतःलाच समाधान वाटत नाहीये, पण काय खटकतंय ते कळत नाही. मनमोकळेपणाने सांगा.

चहाबाज
"संगीताला सीमा नसतात" हे व्हिसाच्या खिडकीवर म्हणून बघा एकदा :)
बाकी शुभेच्छा!

नारळीपौर्णिमा
मला तर आवडलं गं. मनापासून लिहिलेलं आहे. माझ्या मुलाने कॉम्प्युटरच्या एमएसला अर्ज केला होता तेव्हा त्याच्या सल्लागारांनी सांगितलं होतं की बक्षिसं, प्रमाणपत्रं सगळी वर घ्या, आकडे द्या. तू पण किती कार्यक्रम केलेस, आकाशवाणीची ग्रेड असेल तर ती, हे पहिल्या परिच्छेदात टाक. आणि वादनाची एक चांगली क्लिप जोड. वादन ऐकल्यावर कोण नाही म्हणेल?

उत्तरेचा_वारा
षड्ज_पंचम, मी युरोपातच एका संगीत विभागात शिकवतो. असे अर्ज दरवर्षी वाचतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नारळीपौर्णिमा यांचा सल्ला वादनाच्या अभ्यासक्रमासाठी बरोबर आहे. तिथे क्लिप हाच अर्ज असतो. संगीतशास्त्राच्या मास्टर्सला मात्र तुम्ही वाजवणार नाही आहात. तुम्ही वाचणार, ऐकणार, मोजणार, मुलाखती घेणार आणि शेवटी एक प्रबंध लिहिणार. समितीला पत्रातून एकच अंदाज घ्यायचा असतो: ही व्यक्ती एक प्रश्न धरून वर्षभर काम करू शकेल का? तुमच्या तीन वाक्यांत संगीतावरचं प्रेम दिसतं, प्रश्न दिसत नाही. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचंच संगीतावर प्रेम असतं, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही.

रियाज किती वर्षं केला हेही लिहू नका असं म्हणत नाही. पण रियाज करताना तुम्हाला असं काय दिसलं जे बाहेरून ऐकणाऱ्याला दिसत नाही, ते लिहा. वादक म्हणून तुमच्याकडे ही फार मोठी जमेची बाजू आहे. अ‍ॅलिन माइनर यांचं सतार-सरोदच्या इतिहासावरचं काम घ्या. त्या स्वतः सतार शिकलेल्या. गत, म्हणजे वाद्यावरची बंदिश, कशी बांधलेली असते हे हाताला माहीत असलेला माणूस जुनी कागदपत्रं वेगळ्या नजरेने वाचतो.

तेव्हा मला एक सांगा. गुरुजींनी शिकवताना असं काही घडतं का, जे तुम्हाला करता येतं पण समजावून सांगता येत नाही? तिथून सुरुवात करू.

गोदाकाठ
दोन गोष्टी. एक, युरोपात स्टाफ नोटेशन वाचता आल्याशिवाय संगीतशास्त्राला घेतच नाहीत, आधी ते शिका. दोन, विशारद म्हणजे संगीतातली बीए पदवीच, तेव्हा पत्रात "बॅचलर ऑफ म्युझिक" असं लिहायला हरकत नाही.

उत्तरेचा_वारा
@गोदाकाठ, पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण "घेतच नाहीत" हे सरसकट खरं नाही. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासावर भर असलेल्या विभागात स्टाफ नोटेशन आणि हार्मनीची पूर्वपरीक्षासुद्धा असते. एथ्नोम्युझिकॉलॉजीकडे झुकलेल्या विभागात बहुधा नसते. षड्ज_पंचम, प्रवेशाच्या पानावर अटी नीट वाचा, आणि शंका असली तर विभागाला दोन ओळींची मेल टाका. वाचता येत नसेल तर पत्रात सरळ लिहा की भातखंडे पद्धतीचं लेखन वाचते-लिहिते आणि स्टाफ शिकायला सुरुवात केली आहे. अर्थात, खरंच सुरुवात करून.

दुसरा मुद्दा कृपया अजिबात करू नका. विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या परीक्षा मंडळाची पदवी आहे. ती त्याच नावाने लिहायची आणि पुढे एका वाक्यात सांगायचं की तिला प्रात्यक्षिक आणि लेखी अशा दोन्ही परीक्षा असतात. तुमची विद्यापीठाची पदवी फिजिक्सची आहे, ती लपवायची गरज नाही. कागदपत्रं तपासताना नाव जुळलं नाही तर बाकीच्या सगळ्या अर्जावर शंका येते.

गोदाकाठ
आमच्याकडे नोकरीच्या ठिकाणी विशारदला पदवीच्या बरोबरीने धरलं होतं म्हणून म्हटलं. पण ठीक, परदेशात वेगळं असू शकतं.

मिरजकर
जवारीचा उल्लेख वाचून आनंद झाला. आमच्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते पत्रात आलंच पाहिजे!

ताई, तुम्ही फिजिक्सवाल्या आहात. सगळं सोडा आणि जवारीवरच लिहा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर लेख लिहिला होता. तार जिथे छेडू तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो ते स्वरांश उमटायला नकोत असा नियम, आणि आपल्या घोडीवर ते उमटतात, हे त्यांनी दाखवलं. आमच्याकडचे कारागीर हे कानाने करतात. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. खुली हवी की बंद हवी हे वादक सांगतो. रविशंकरांच्या पद्धतीची खुली, विलायत खाँसाहेबांच्या पद्धतीची बंद. पूर्वी सांबरशिंगाची घोडी असायची, आता हाडाची किंवा कृत्रिम मालाची. यावर आयुष्य जाईल एवढा अभ्यास आहे.

षड्ज_पंचम
सगळ्यांचे आभार. @मिरजकर काका, जवारीचं आकर्षण मलाही आहे.

@उत्तरेचा_वारा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. एक गोष्ट आहे, ती पत्रात घालण्याइतकी मोठी आहे का माहीत नाही.

गुरुजींनी दिलेल्या गती मी वहीत लिहिते. यमनची एक मसीतखानी विलंबित गत आहे. बोल नेहमीचेच, बाराव्या मात्रेपासून दिर दा दिर दा रा, समेवर दा दा रा, मग पुन्हा तेच. पंधराव्या मात्रेवर 'दा' आणि खाली ग, सोळाव्यावर 'रा' आणि रे. ग वरून रे वर मींडेची कमान. वहीत एवढंच. मी वहीवरून वाजवलं की गुरुजी म्हणतात, "हे नाही." काय नाही ते सांगत नाहीत, गाऊन दाखवतात. मी ऐकते, परत वाजवते, आणि कधीतरी ते जमतं.

जमतं तेव्हा हात काय करतो ते बघितलं. ग च्या पडद्यावर बोट नसतंच. रे च्या पडद्यावर तार आधीच ओढून ठेवलेली असते, मग 'दा' वाजतो, म्हणून तो ग ऐकू येतो. मग तार सोडत रे वर यायचं. सोळावी मात्रा येईपर्यंत आघात नाही. वहीत या ओढून ठेवण्याचा मागमूस नाही. आणि सोडायची कधी, हे तर कुठेच नाही.

उत्तरेचा_वारा
हेच. हेच तुमचं पत्र आहे.

जरा उलगडून बघू. गतीची लय काय असते तुमच्या शिकवणीत? समजा मिनिटाला ४० मात्रा. म्हणजे एक मात्रा दीड सेकंदाची. त्या दीड सेकंदात तार कधी सोडायला लागायची, सरळ उतरायची की मध्ये थांबून, याला भरपूर जागा आहे, आणि गुरुजींचं "हे नाही" बहुधा त्या जागेबद्दलच आहे. भातखंडे लेखनात कमान आहे, म्हणजे मींड आहे एवढं लिहिता येतं. तिचा आकार लिहिता येत नाही. ही त्या पद्धतीतली चूक म्हणू नका. बंदिशीचा सांगाडा हरवू नये यासाठी ते लेखन आहे, आणि ते काम त्याने चोख केलं.

आता यातून प्रश्न असा होतो: विलंबित गत शिकवताना कोणता भाग वहीतून जातो, कोणता गुरूच्या गाण्यातून आणि कोणता हाताच्या हालचालीतून? सतारीवर हा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण बोल आघात सांगतात, सरगम स्वर सांगते, आणि मींड आघाताच्या नंतर घडते. ती दोन्हीच्या मध्ये राहते.

तुमच्याकडे शिकवणीची ध्वनिमुद्रणं आहेत का?

षड्ज_पंचम
आहेत, फोनवर केलेली. गुरुजींच्या परवानगीनेच, पण ती माझ्या रियाजासाठी होती.

वाचनवेडा
मग त्यांना पुन्हा विचारावं लागेल. रियाजासाठी दिलेली परवानगी ही संशोधनासाठीची परवानगी होत नाही. माझी बायको समाजशास्त्रात संशोधन करते, तिच्याकडे या गोष्टीवर फार काटेकोर नियम आहेत. कशासाठी वापरणार, कोण ऐकणार, नाव येणार की नाही, नंतर नको म्हणाले तर काय, हे सगळं समोरच्याला समजेल अशा भाषेत सांगून लेखी घ्यायचं. पत्रातही "माझ्या गुरूंच्या लेखी संमतीने" एवढे शब्द आले तर वाचणाऱ्याला कळतं की हिला या गोष्टीची जाण आहे. पण संमती घेतल्यावरच लिहा.

अंतरा_व
मी थोडं वेगळं मत मांडते. मीही सतार शिकलेय, बरीच वर्षं. गुरू जे गाऊन दाखवतो ते सेकंदात मोजायचं म्हणजे त्याचा जीव काढून घ्यायचा. गुरुजी प्रत्येक आवर्तनात ती मींड वेगळी सोडतात, कारण पुढे काय येणार आहे ते त्यांच्या मनात असतं. एका आवर्तनातलं माप घेऊन "मींड अशी असते" असं कोणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. आणि आपल्या गुरूचं शिकवणं परक्या लोकांपुढे तपासायला ठेवायचं, हे मला पटत नाही.

उत्तरेचा_वारा
अंतरा_व, पहिला मुद्दा अगदी मान्य, आणि तो प्रश्नातच घ्यायला हवा. एका आवर्तनाच्या मापाला अर्थ नाही. पण वीस-तीस आवर्तनं ऐकली तर काय बदलतं आणि काय कधीच बदलत नाही, हे दिसायला लागतं. गुरुजींचं "हे नाही" जे बदलत नाही त्यासाठी येतं की जे बदलतं त्यासाठी, हे मला स्वतःला जाणून घ्यायला आवडेल. डरहॅमला मार्टिन क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रागवादनाच्या मैफिलींतल्या लय-कालाचं असंच बारीक काम केलंय, आणि मुद्रणांचा संच संशोधकांना खुलाही केलाय. तिथे मैफल आहे, तुमच्याकडे शिकवणी आहे. हा फरक पत्रात एका वाक्यात सांगता येईल.

दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलणार नाही. तो गुरुजींनी आणि शिष्येने ठरवायचा.

अंतरा_व
निदान शिष्येने आधी वाजवणं पूर्ण करावं आणि मग मोजावं, एवढं तरी म्हणते. माझं मत तेच राहील.

मिरजकर
म्हणजे जवारी गेली का?

षड्ज_पंचम
काका, गेली नाही हो. पण ५०० शब्दांत दोन प्रश्न घेतले तर दोन्ही अर्धेच राहतील ना?

पीटीएस
आवाजाच्या मुद्रणाचं काम करतो म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो, पत्रात बढाई होऊ नये यासाठी. सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेला. त्यात मुद्रण उघडलं की आघात आणि स्वराची रेघ बघता येते. पण सतारीवर आपोआप काढलेली रेघ तुटते. चिकारीच्या उंच स्वराच्या तारा वाजल्या की रेघ उडी मारून वर जाते. तरफा, म्हणजे खालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा, वाजत राहतात आणि आधीचा स्वर नव्या स्वरावर सांडतो. मींड मंद होत गेली की मूळ तारेपेक्षा तरफच मोठी ऐकू येते, आणि नेमका तोच तुमचा भाग आहे.

तपासायचा उपाय सोपा आहे. प्रोग्रामने काढलेली रेघ आवाजात रूपांतर करून मूळ मुद्रणाबरोबर ऐका. कानाला मींड खाली येताना कळतेय आणि रेघ आडवीच चाललीय, तर ती तरफेची आहे. अशा जागी स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी बघून हाताने खुणा कराव्या लागतात. वेळखाऊ आहे. फोन सतारीपासून लांब ठेवलेला असेल तर आणखी अवघड.

तेव्हा पत्रात "संगणकाने अचूक मोजलं" असं लिहू नका. "काही आवर्तनांत हाताने खुणा करून पाहिलं, तरफांमुळे आपोआप मोजणी विश्वासार्ह नाही" असं लिहा.

उत्तरेचा_वारा
पीटीएस यांची शेवटची ओळ जशीच्या तशी ठेवा. पद्धत कुठे अडते हे अर्जदाराने आपणहून सांगितलं की मी तो अर्ज वरच्या गठ्ठ्यात ठेवतो. शिवाय फिजिक्सची पदवी इथे आपोआप कामाला येते. वेगळं "मला विज्ञानाचीही आवड आहे" लिहावं लागत नाही.

नारळीपौर्णिमा
मला निम्मं कळलं नाही पण वाचायला मजा येतेय. आता बक्षिसांचं काय करायचं मग? एवढी मिळवलीत बिचारीने.

उत्तरेचा_वारा
ती सीव्हीत. तिथे ती शोभतात. पत्रात घराणंही एका वाक्यात, आणि प्रश्नाशी जोडून: माझ्या शिक्षणात गायकी अंगावर भर आहे, म्हणून शिकवणं गाऊन होतं. एवढं लिहिलं की घराण्याचं नाव कधीही न ऐकलेल्या वाचकालाही त्याचा संबंध कळतो. आणि वाचनात मराठी पुस्तकं असतील तर नि:संकोच लिहा. अशोक रानड्यांनी मराठीत जो विचार केलाय तो वाचलेला विद्यार्थी मला इंग्रजी याद्या पाठ केलेल्यापेक्षा जास्त तयारीचा वाटतो. फक्त वाचलेलंच लिहा. मुलाखत झाली तर विचारतात.

षड्ज_पंचम
पुन्हा लिहिलं. गुरुजींशी बोलले, आईबाबाही होते. गुरुजी आधी गप्प बसले, मग म्हणाले की मुद्रण वापर, पण ज्या दिवशी गळा बसला होता ते वापरू नकोस. उद्या त्यांच्यासाठी मराठीत संमतीपत्र लिहिणार आहे, सही झाल्यावरच पत्र पाठवीन. सुरुवात आता अशी:

"माझ्या वहीत यमनच्या एका विलंबित गतीच्या पंधराव्या मात्रेवर ग लिहिला आहे. तो वाजवताना माझं बोट ग च्या पडद्यावर नसतं. रे च्या पडद्यावर तार ओढून ठेवून आघात करायचा आणि पुढच्या मात्रेपर्यंत ती सोडत आणायची, हे मला कोणी लिहून दिलं नाही किंवा शब्दांत सांगितलं नाही. गुरूंनी ते गाऊन दाखवलं. विलंबित गत शिकवताना काय लिहिलं जातं, काय गायलं जातं आणि काय फक्त हाताकडे बघून उचललं जातं, याचा अभ्यास मला करायचा आहे.

गुरूंच्या लेखी संमतीने शिकवणीच्या मुद्रणातली काही आवर्तनं मी हाताने खुणा करून पाहिली. तरफांच्या घुमण्यामुळे आपोआप मोजणी विश्वासार्ह ठरत नाही. तार सोडण्याची वेळ आवर्तनागणिक बदलते असं दिसतं, पण मला थांबवलं जातं ते नेमकं कशामुळे, हे अजून सांगता येत नाही. त्यासाठी लागणारी पद्धत मला शिकायची आहे."

पुढे त्या विभागातल्या कोणत्या दोन अभ्यासक्रमांचा यासाठी उपयोग होईल ते लिहिलंय. श्वास, सीमा आणि स्वप्न गेलं.

चहाबाज
आता मला ती गत ऐकायचीय.

अंतरा_व
मोजण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण "अजून सांगता येत नाही" हे आवडलं. ते राहू दे.

मिरजकर
चांगलं झालंय. जीआयचं एक वाक्य तरी...

उत्तरेचा_वारा
@मिरजकर, मुलाखतीत वाद्याबद्दल विचारतील तेव्हा जवारी नक्की येईल.
षड्ज_पंचम, "शब्दांत सांगितलं नाही" एवढं ठाम ठेवू नका. मुद्रणांत कुठेतरी गुरुजी "ओढून ठेव" म्हणालेले सापडतील. एकदा तपासा. सापडले तर तोही पुरावाच आहे, शब्द कुठपर्यंत पोहोचतात त्याचा.

षड्ज_पंचम
तपासलं. एका ठिकाणी "आधी ओढ" म्हणाले आहेत. वाक्य बदलते.

शेवटची एक अडचण. दोन शिफारसपत्रं हवीत. एक कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडम देताहेत. दुसरं गुरुजींचं हवंय, पण पोर्टलवर संस्थेचा ईमेल मागताहेत. गुरुजी घरी शिकवतात, संस्था नाही, आणि ते मराठीतच लिहिणार.

वाचनवेडा
प्रवेश कार्यालयाला आत्ताच मेल करा, शेवटच्या आठवड्यात नको. गुरुजी स्वतंत्रपणे शिकवतात, त्यांना संस्थेचा पत्ता नाही, साधा ईमेल चालेल का, आणि मूळ मराठी पत्रासोबत अधिकृत भाषांतर जोडलं तर चालेल का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर आलं की ते जपून ठेवा. भाषांतर मात्र तुम्ही स्वतः करू नका. शिफारस तुमचीच आहे, त्यामुळे तुमच्या हातचं भाषांतर धरणार नाहीत.

उत्तरेचा_वारा
आणि गुरुजींना सांगा की "अत्यंत गुणी शिष्या" एवढ्यावर थांबू नका. तुम्ही कोणता प्रश्न विचारलात, कुठे अडलात, परत येऊन काय वाजवलंत, असा एखादा प्रसंग त्यांनी लिहिला तर ते पत्र मॅडमच्या पत्राइतकंच वजनदार होईल.